सोनोग्राफीत गाठ दिसली, म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं का?

*डॉक्टर मॅडम, मी 23 वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि पुण्यात मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला पाण्याची बादली उचलताना उजव्या ओटीपोटात एकदम कळ आली. घाम फुटला, एक उलटी झाली. कॅज्युअल्टीतले सर्जन म्हणाले, अपेंडिक्स असू शकतं. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगितली, त्यावरून माझी आई डॉक्टरांवर खूप चिडली. टेस्ट निगेटिव्ह आली. पांढऱ्या पेशी 9,800, ताप नव्हता. सोनोग्राफीत लिहिलं होतं, ‘अपेंडिक्स दिसत नाही, उजव्या ओव्हरीत रक्त भरलेली 3.8 सेंटिमीटरची गाठ, ओटीपोटात थोडं पाणी.’ रात्रभर ठेवून घेतलं, दुखणं कमी होत गेलं, सकाळी सोडलं. सहा दिवसांनी पाळी आली, ती मला 28 दिवसांनी नियमित येते. हे अपेंडिक्स नव्हतं कशावरून? गाठ काढून टाकावी का? पुन्हा दुखलं तर मी काय समजू?*

सगळ्यात उपयोगी माहिती तू सहज लिहून गेलीस, आणि ती रिपोर्टात कुठेच नाही: दुखणं बादली उचलताना सुरू झालं आणि पाळी त्यानंतर सहा दिवसांनी आली. उजव्या ओटीपोटाच्या दुखण्यात मी मशीनच्या आधी या दोन गोष्टी विचारते. दुखणं कोणत्या क्षणी आणि कसं सुरू झालं, आणि तो पाळीचा कितवा दिवस होता.

तुझा तो तेविसावा दिवस होता. 28 दिवसांच्या चक्रात साधारण चौदाव्या दिवशी बीज बाहेर पडतं. ज्या फोडातून ते बाहेर पडतं तो तिथेच राहतो, पिवळसर होतो आणि पुढचे दोन आठवडे हार्मोन तयार करतो. या काळात त्याच्या भिंतीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. त्यातली एखादी फुटली की आत रक्त भरतं, फोड ताणला जातो आणि कधीकधी फुटतो. विसाव्या ते सव्विसाव्या दिवसादरम्यान, काहीतरी उचलताना, व्यायाम करताना किंवा शरीरसंबंधाच्या वेळी एका क्षणात कळ येणं, ही या गाठीची अगदी ठरलेली चाल. फुटल्यावर थोडं रक्त गर्भाशयामागच्या खोलगट जागेत साचतं आणि पोटाचं आतलं अस्तर चुरचुरतं. सोनोग्राफीवाल्यांनी ‘थोडं पाणी’ म्हणून लिहिलं आहे ते बहुतेक हेच. ते हळूहळू शोषलं गेलं आणि तुझं दुखणं उतरलं. मी तुला तपासलेलं नाही, तरी तू लिहिलेलं सगळं एकमेकांशी जुळतं.

अपेंडिक्सचं दुखणं असं क्षणात येत नाही. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी, करंगळीपेक्षा बारीक नळी. तिचं तोंड बंद झालं की ती आतून फुगायला लागते. तिथून निघणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतीच्या कातडीच्या नसाही येतात, त्यामुळे मेंदूला ते दुखणं बेंबीपाशी वाटतं. सुरुवात मोघम असते. गॅस झालाय, काहीतरी बाधलंय असं वाटतं आणि जेवणावरची वासना उडते. मग मळमळ, एखादी उलटी. दुखणं आधी आणि उलटी नंतर, हा क्रम सहसा बदलत नाही. पुढच्या बारा ते चोवीस तासांत सूज पोटाच्या अस्तराला भिडते, आणि दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकून एका जागी बसतं. बेंबी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक जोडणारी रेघ कल्पना करून काढ. हाडापासून तिच्या एक तृतीयांशावर ती जागा येते. चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकन सर्जनने 1889 मध्ये तिच्यावर बोट ठेवलं आणि आजही आम्ही तिथेच बोट ठेवतो.

आपल्याकडे हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण बेंबीभोवती दुखायला लागलं की घरात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बेंबी सरकली असेल.’ मग तेल लावून पोट चोळणं, बेंबी बसवून घेणं, रात्री एरंडेल. माझ्याकडे आलेल्या एका कॉलेजच्या मुलीचे पहिले दोन दिवस यातच गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम कमी झालं, घरच्यांना हायसं वाटलं, आणि संध्याकाळी ती ताप आणि लाकडासारखं कडक पोट घेऊन आली. सकाळचा आराम म्हणजे फुगलेलं अपेंडिक्स फुटून आतला ताण मोकळा झाला होता. दीड-दोन दिवस उलटले की फुटण्याची शक्यता वाढत जाते, आणि हे दोन दिवस नेमके बेंबी बसवण्यात जातात. तिच्या पोटातून पू धुऊन काढावा लागला, बारा दिवस वॉर्डात राहिली.

तुझं दुखणं बेंबीपाशी सुरू झालं नाही, सरकलं नाही, भूक गेल्याचं तू लिहिलं नाहीस, ताप नव्हता. अपेंडिक्सचा अंदाज बांधायला आम्ही 1986 पासून वापरात असलेली आल्वारादोची दहा गुणांची पद्धत लावतो. दुखणं सरकणं, भूक जाणं, मळमळ किंवा उलटी, दाबून हात सोडल्यावर कळ येणं आणि ताप यांना एकेक गुण. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं आणि पांढऱ्या पेशी वाढणं यांना दोन-दोन, आणि त्या पेशींमधल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचं प्रमाण चढलेलं असेल तर आणखी एक. तुझा उलटीचा एक आणि दाबल्यावर दुखलं असेल असं धरून त्याचे दोन, असे तीन होतात. हात सोडल्यावर कळ आली असेल तर चार. पाचाच्या खाली अपेंडिक्सची शक्यता कमी धरतात. ही पद्धत तरुण मुलींमध्ये वरच्या बाजूला चुकते, म्हणजे सात-आठ गुण येऊनही कारण ओव्हरीत निघू शकतं. खालचा आकडा मात्र बराच विश्वासाचा.

आता आईच्या रागाबद्दल. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण यात एकदा माझ्या हातून चूक झाली आहे.

नोकरीची पहिली वर्षं होती, एक लहान रुग्णालय. एकोणीस वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली. उजवीकडे खाली दुखत होतं, दाबलं की कळवळत होती. पाळी कधी आली, हे मी वडिलांसमोरच विचारलं. ती खाली बघत म्हणाली, ‘आलीय मागच्या आठवड्यात.’ अविवाहित मुलगी, वडील समोर, मला संकोच वाटला आणि मी प्रेग्नन्सी टेस्ट लिहिलीच नाही. अपेंडिक्स धरून टेबलावर घेतलं. छेद घेऊन पोटाचं अस्तर उघडलं आणि काळसर रक्त वर आलं. अपेंडिक्स गुलाबी, सडपातळ, अगदी निरोगी होतं. गर्भ उजव्या ट्यूबमध्ये राहिला होता आणि ट्यूब फुटली होती. ‘मागच्या आठवड्यातली पाळी’ म्हणजे अशा गर्भात होणारा थोडा रक्तस्राव होता. स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावलं, छेद वाढवला, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. मुलगी वाचली. एक लघवीची पट्टी केली असती तर सुरुवातीलाच योग्य हाती गेली असती. तेव्हापासून पोटात दुखत असलेल्या, पाळी येणाऱ्या प्रत्येक मुलीची ही टेस्ट मी करते. लग्न झालंय का याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि हो, ‘शक्यच नाही’ म्हणणाऱ्या मुलीचीही करते. विधवा बाईची करते, नसबंदी झालेल्या बाईची तर नक्कीच, कारण नसबंदीनंतर गर्भ राहिलाच तर तो ट्यूबमध्ये असण्याची भीती जास्त असते.

आईला एवढंच सांग: त्या टेस्टने कोणी तुझ्या चारित्र्याची चौकशी करत नव्हतं. तिचं उत्तर आल्याशिवाय सीटी स्कॅन करता येत नाही, कित्येक औषधं देता येत नाहीत आणि जिवावर बेतणारं कारण बाजूला काढता येत नाही. ट्यूबमधला गर्भ बहुतेकदा शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांत त्रास देतो. एका बाजूला दुखणं, थोडं अंगावर जाणं, आणि फुटला तर चक्कर, पांढरंफटक पडणं, खांद्याच्या टोकाला दुखणं. खांदा अशासाठी, की रक्त छातीखालच्या पडद्यापर्यंत पोचतं आणि त्या पडद्याची नस मानेतून येते. लघवीच्या टेस्टबद्दल शंका राहिली तर रक्तातल्या गर्भाच्या हार्मोनची, म्हणजे बीटा एचसीजीची तपासणी करतात. आणखी एक लक्षात ठेव, तू सज्ञान आहेस. ‘मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय’ म्हणणं हा तुझा हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर आधीच नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली दोन वाक्यं लोक उलटी वाचतात. ‘अपेंडिक्स दिसत नाही’ याचा अर्थ अपेंडिक्स चांगलं आहे असा होत नाही. ते आतड्यातल्या गॅसमागे किंवा मोठ्या आतड्याच्या पाठीमागे असेल तर दिसतच नाही. दिसलं, दाबल्यावर दबलं आणि जाडी सहा मिलिमीटरच्या आत असली तरच त्याला निर्दोष म्हणता येतं. दाबूनही न दबणारं, त्याहून जाड आणि प्रोब ठेवताच दुखणारं असेल तर ते सुजलेलं.

दुसरं वाक्य गाठीचं. पाळी येणाऱ्या मुलीच्या ओव्हरीत दर महिन्याला बीजाचा फोड दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतोच, आणि कधीकधी त्याहून मोठा होऊन राहतो. म्हणून अपेंडिक्स सुजलेलं असतानाही शेजारच्या ओव्हरीत एखादी निरुपद्रवी गाठ दिसू शकते. ‘कारण सापडलं’ म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि खरा गुन्हेगार मागे लपून राहतो. तुझ्या बाबतीत गाठीला दोष द्यायला मी तयार आहे, पण ती दिसली एवढ्यावरून नव्हे. आत रक्त होतं, बाहेर पाणी होतं, दिवस तेविसावा होता आणि दुखणं क्षणात सुरू होऊन तासागणिक उतरत गेलं.

त्या रात्री तुला घरी पाठवलं नाही हे फार चांगलं झालं. क्षणात सुरू झालेली कळ आणि लगेच उलटी म्हटल्यावर आणखी एक शंका घ्यावीच लागते, ओव्हरीला पीळ पडण्याची. गाठीमुळे जड झालेली ओव्हरी स्वतःच्या देठाभोवती गिरकी घेते. हे उजवीकडे जास्त होतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग जागा व्यापून बसलेला असतो. गाठ पाच सेंटिमीटरच्या वर असेल तर धोका वाढतो, पण लहान गाठीतही होतं. कळ लाटांसारखी येते-जाते, कारण पीळ थोडा सुटतो आणि पुन्हा बसतो. यात रंगीत डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ओव्हरीला दोन बाजूंनी रक्त येतं, आणि पिळात पातळ भिंतीची शीर आधी दाबली जाते, धमनी नंतर. त्यामुळे डॉपलरवर रक्त वाहताना दिसतं आणि तरीही ओव्हरी गुदमरत असते. मी आकार बघते. दुसऱ्या बाजूपेक्षा मोठी, सुजून पाणावलेली, कडेला छोटे फोड ढकलले गेलेली ओव्हरी आणि न थांबणारं दुखणं असेल तर दुर्बिणीने आत बघावं. पीळ सोडवला की काळीनिळी पडलेली ओव्हरीसुद्धा बहुतेकदा पुन्हा कामाला लागते, म्हणून रंग बघून ती लगेच काढून टाकण्याची जुनी रीत आता राहिली नाही. तुझं दुखणं रात्रीतून सरळ उतरत गेलं, लाटा आल्या नाहीत, म्हणून पीळ मागे पडला.

ट्यूबला संसर्ग हे आणखी एक कारण. त्यात बहुधा दोन्ही बाजूंना खाली दुखतं, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात सुरुवात होते, ताप आणि वास येणारा पांढरा स्राव असतो. शरीरसंबंध असतील तर हे डॉक्टरांना सांगावंच, कारण यात वेळेवर अँटिबायोटिक मिळाली नाहीत तर ट्यूब चिकटून पुढे मूल राहण्यात अडचण येते.

रक्ताच्या तपासण्यांचं महत्त्व मर्यादित आहे. तुझ्या 9,800 पेशी सर्वसाधारण मर्यादेत, म्हणजे 11,000 च्या आत होत्या. पण पहिल्या काही तासांत अपेंडिक्समध्येही त्या नॉर्मल असू शकतात, आणि सूज दाखवणारी रक्तातली सीआरपी तर चढायलाच वेळ घेते. एका रिपोर्टपेक्षा सहा-आठ तासांच्या अंतराने केलेले दोन जास्त बोलतात. तसंच एकाच डॉक्टरने पुन्हा पुन्हा पोटावर हात ठेवणं. लघवीच्या तपासणीतही सावध राहावं लागतं. ओटीपोटात खाली उतरलेलं अपेंडिक्स मूत्राशयाला टेकतं, तेव्हा लघवीत थोड्या पूपेशी येतात, जळजळही होते. मग ‘लघवीचा संसर्ग’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं.

सीटी स्कॅन तुझा झाला नाही आणि त्या रात्री गरजही नव्हती. अपेंडिक्ससाठी ती सगळ्यात भरवशाची तपासणी, सुजलेलं असेल तर शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणींत ती पकडते. पण एका स्कॅनमध्ये आपल्याला निसर्गातून दोन-तीन वर्षांत मिळतो तेवढा किरणोत्सर्ग जातो, आणि तो ओव्हरीवरून जातो. म्हणून तरुण मुलीत आधी सोनोग्राफी, मग काही तास लक्ष ठेवणं, आणि शंका वाढत गेली तरच सीटी. प्रेग्नन्सी असेल तर एमआरआय. एवढं करूनही कोडं सुटलं नाही आणि दुखणं हटेना, तर दुर्बीण घालून आत बघणं हीसुद्धा तपासणीच आहे, आणि जे सापडेल ते त्याच वेळी दुरुस्त होतं.

गाठ काढू नकोस. रक्त भरलेली 3.8 सेंटिमीटरची गाठ एक-दोन पाळ्यांत आपोआप विरते. त्या रात्रीपासून सहा ते आठ आठवड्यांनी, पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पुन्हा सोनोग्राफी कर. त्या दिवसांत नवा फोड मोठा झालेला नसतो, त्यामुळे जुनी गाठ राहिली आहे का हे स्वच्छ दिसतं. गाठ ‘विरघळवण्यासाठी’ हार्मोनच्या गोळ्या घेऊ नकोस, असलेली गाठ त्यांनी लवकर जात नाही. तेव्हाही ती तेवढीच किंवा मोठी असेल, आत चरबी किंवा घट्ट भाग दिसत असेल, तर ती वेगळ्या जातीची आहे असं समजून स्त्रीरोगतज्ज्ञ पुढचं ठरवतील.

पुन्हा दुखलं तर आधी मोबाइलमध्ये वेळ टिपून ठेव. किती वाजता, काय करताना, बेंबीपाशी की थेट उजवीकडे, दुखणं आधी की उलटी आधी, शेवटची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली. जोरात खोकून बघ. रिक्षा गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून गेली तेव्हा त्या जागी कळ आली का, हेही लक्षात ठेव, मी हा प्रश्न प्रत्येकीला विचारते. आली तर आतलं अस्तर चुरचुरतंय, मग कारण पू असो की रक्त. मुळीच आली नाही तर सुजलेल्या अपेंडिक्सची शक्यता बरीच खाली येते. दुखण्यावरची एखादी गोळी घेतल्याने निदान चुकत नाही, पण गोळीने बरं वाटलं म्हणून झोपून जाऊ नकोस. एरंडेल किंवा जुलाबाचं काही नको, चोळणं नको, आणि हॉस्पिटलला निघाली असशील तर खाणंपिणं नको, म्हणजे गरज पडली तर भूल देता येईल.

दुखणं सहा तासांत उतरलं नाही, सरकून उजवीकडे बसलं, ताप आला, किंवा लाटांसारखं येत उलट्या थांबेनात, तर सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही असलेल्या ठिकाणी जा. पाळी चुकलेली असताना दुखलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखलं, तर थांबून बघायचं नाही. मैत्रिणीला उठव आणि 108 ला फोन कर. जुना रिपोर्ट बरोबर ने. 3.8 हा आकडा आणि त्या रात्रीची तारीख नव्या डॉक्टरच्या समोर असली, तर त्यांना तुलना करायला काहीतरी हातात राहील.